मराठी पान बारीक दिसतं? आधी किमान आकार, मग साइटचा झूम, शेवटी रीडर मोड

आंबा मोहोरायच्या दिवसांत देवगड-वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंतचे बागायतदार फवारणीचे सल्ले पडद्यावर वाचतात. त्यांत डेल्टामेथ्रिन २.८ टक्के, इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के अशी नावं येतात. अक्षर बारीक असलं की सगळ्यात आधी नाहीसं होतं ते दशांशाचं टिंब. देवनागरीत टिंबावर आणि बारीक रेघेवर आणखीही बरंच अवलंबून असतं. अनुस्वार आहे की नाही, 'घ' आहे की 'ध', 'ष' आहे की 'प', 'भ' आहे की 'म', हे सगळं एखाद्या गाठीवर किंवा तिरप्या रेघेवर ठरतं. शिवाय वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार हे सगळं त्याच उंचीत बसवायचं असतं, त्यामुळे इंग्रजी मजकूर ज्या आकारात नीट वाचता येतो त्याच आकारात मराठी जोडाक्षर चिकटून जातं.

यावर बहुतेक लोक एकच उपाय करतात: `Ctrl` दाबून अधिकचं चिन्ह, पुन्हा अधिकचं चिन्ह. त्याने समोरचं पान मोठं होतं खरं, पण महिनाभराने एक साइट अवाढव्य, दुसरी मुंगीएवढी आणि तिसरीवरचा मेनूच गायब अशी अवस्था होते. ब्राउझरमध्ये अक्षराच्या आकाराला हात घालणाऱ्या तीन वेगळ्या जागा आहेत आणि त्या ठरावीक क्रमाने लावल्या तरच त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. तो क्रम मी इथे एका खऱ्या लॅपटॉपवर दाखवतो.

लॅपटॉप जामसंड्याच्या माझ्या काकांचा. मुलगा मुंबईला जाताना जुना मागे ठेवून गेला. पडदा १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा, विंडोज १०, ब्राउझर फायरफॉक्स. काका त्यावर तीनच गोष्टी वाचतात: मराठी बातम्या, आंब्याचे सल्ले आणि कोकण रेल्वेचं वेळापत्रक. त्यांची तक्रार मालवणीत अशी होती: "अरे, एक पान दिसता, दुसरा दिसना नाय. माझे डोळे बिघडले की ह्या यंत्र?" डोळ्यांचा चष्मा नुकताच बदललेला होता. यंत्रही ठीक होतं. बिघडलेला होता तो आकारांचा हिशेब.

आधी बघा, बारीक नक्की काय आहे

ब्राउझरच्या वरच्या पट्टीकडे नजर टाका. पत्ता लिहायची जागा, टॅबवरची नावं, डेस्कटॉपवरच्या फाइलींची नावं, हे सगळंच बारीक असेल तर दुखणं ब्राउझरचं नाही. विंडोजच्या Settings मध्ये System, मग Display, आणि तिथे Scale हा आकडा १०० वरून १२५ टक्के करा. जास्त पिक्सेलच्या छोट्या पडद्यावर हा आकडा कमी राहिला असेल तर बाकी काहीही केलं तरी समाधान होत नाही.

वरची पट्टी नीट वाचता येते आणि फक्त पानातला मजकूर बारीक किंवा मोठा आहे, तर पुढे या. काकांच्या बाबतीत असंच होतं.

आता तुम्ही नेहमी वाचता त्या चार-पाच साइटी एकेका टॅबमध्ये उघडा आणि प्रत्येकीवर `Ctrl` आणि शून्य एकत्र दाबा. या कळांनी त्या साइटचा झूम मूळ आकड्यावर येतो. हे करताना ज्या पानांनी उडी मारली, त्यांचा आकार कधीतरी बदलला गेला होता आणि ब्राउझरने तो लक्षात ठेवला होता. काकांची बातम्यांची साइट ६७ टक्क्यांवर होती. त्यांनी ती कधी लहान केल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवायचं कारणही नव्हतं. `Ctrl` कळ दाबलेली असताना माउसचं चाक फिरलं की झूम बदलतो. मजकूर कॉपी करताना बोट `Ctrl` वर राहतं, दुसऱ्या हाताने चाक फिरतं, आणि काम झालं.

एक गोष्ट इथेच वेगळी करून ठेवतो. टचपॅडवर दोन बोटं फाकवून पान जवळ येतं, तो झूम निराळा. त्यात पानाची मांडणी बदलत नाही, पान फक्त भिंगाखाली धरल्यासारखं मोठं होतं आणि ओळ वाचायला डावीकडे-उजवीकडे सरकावं लागतं. साइटनुसार तो लक्षातही राहत नाही. रोजच्या वाचनासाठी त्याचा उपयोग नाही. एखादा नकाशा किंवा फोटो क्षणभर जवळून बघायला तो ठीक.

पहिली जागा: किमान आकार

पान बनवणारा माणूस मजकुराचा आकार पिक्सेलमध्ये सांगून टाकू शकतो. मुख्य मजकूर १६, तारीख १२, तळटीप ११, फोटोखालची ओळ १०. ब्राउझरचा स्वतःचा ठरलेला आकार साधारण १६ पिक्सेल असतो, पण तो फक्त त्या साइटींवर चालतो ज्या त्याच्या प्रमाणात आकार सांगतात. पिक्सेलमध्ये आकडा ठोकून दिलेला असेल तर तुम्ही ब्राउझरमध्ये अक्षराचा आकार २० केला तरी ते पान ढिम्म हलत नाही. "सेटिंग बदललं, काहीच झालं नाही" असं लोक म्हणतात ते यामुळे.

किमान आकार मात्र पिक्सेलच्या आकड्यालाही जुमानत नाही. तुम्ही १५ सांगितलेत की १०, ११, १२ चा सगळा मजकूर उचलून १५ वर आणला जातो, आणि जो आधीच १५ हून मोठा आहे त्याला हात लागत नाही. मराठी वाचणाऱ्याला हवं ते नेमकं हेच.

फायरफॉक्समध्ये उजवीकडच्या तीन रेघांवरून Settings उघडा आणि Fonts हा भाग शोधा. Settings च्या वर शोधायची चौकट आहे, तिथे `font` असं लिहिलं की तो समोर येतो. तिथे Advanced बटण दाबलं की एक खिडकी उघडते. तिच्या सगळ्यात वर Fonts for अशी यादी असते आणि बहुतेक वेळा तिच्यात Latin निवडलेलं असतं. नव्या माणसाची फसगत इथे होते. तो खाली Minimum font size मध्ये १५ निवडतो, OK दाबतो, मराठी पान उघडतो, आणि फरक शून्य. कारण फायरफॉक्स प्रत्येक लिपीसाठी वेगळा किमान आकार ठेवतो आणि त्याने बदललेला होता तो रोमन लिपीचा.

म्हणून त्या यादीत Devanagari निवडा आणि मग Minimum font size १५ करा. पण तेवढ्यावर थांबू नका. पान कोणत्या लिपीचं आहे हे फायरफॉक्स अक्षरं बघून ठरवत नाही, पानाने स्वतःची भाषा काय सांगितली आहे त्यावरून ठरवतो. मराठी पानाच्या सुरुवातीला असं असायला हवं:

```
<html lang="mr">
```

कितीतरी मराठी साइटी इंग्रजी साच्यावर उभ्या असतात आणि तिथे `mr` च्या जागी `en` तसंच राहिलेलं असतं. अशा पानाला फायरफॉक्स Latin चा किमान आकार लावतो, मग त्यात एकही रोमन अक्षर का नसेना. काही पानं भाषा सांगतच नाहीत. तेव्हा त्याच खिडकीत तीन वेळा फेरी करा: Devanagari ला १५, Latin ला १४, आणि यादीच्या तळाशी असलेल्या Other Writing Systems ला १५. शेवटी OK. तुमच्या साइटीने भाषा काय सांगितली आहे ते बघायचं असेल तर त्या पानावर `Ctrl` आणि `U` दाबा. पानाचा मूळ मजकूर उघडतो आणि वरच्या काही ओळींतच ती ओळ सापडते. काकांच्या बातम्यांच्या साइटवर `en` होतं. Latin ची फेरी चुकली असती तर त्यांना फरक दिसला नसता.

त्याच खिडकीत फॉन्टचं नावही निवडता येतं, आणि देवनागरीत त्याने आकार बदलल्याचा भास होतो. विंडोजचा निर्मला हा फॉन्ट १६ ला जेवढा दिसतो त्याहून कोकिळा हा फॉन्ट १६ लाच खूप बारीक दिसतो. आकडा तोच, पण अक्षराची कोरणीच लहान. घरात कुणी हौसेने फॉन्ट बदललेला असेल तर आकार वाढवण्याआधी तो परत बदला.

क्रोममध्ये लिपीचा हा प्रश्न नाही, तिथे सगळ्यांना मिळून एकच किमान आकार असतो. पत्त्याच्या जागी हे लिहा:

```
chrome://settings/fonts
```

तिथे Minimum font size ची सरकपट्टी आहे. ती ओढताना खाली नमुन्याचा मजकूर बदलताना दिसतो. त्याच्याच वर Font size ची पट्टी आहे. ती ब्राउझरचा ठरलेला आकार बदलते, किमान नव्हे. दोन्ही पट्ट्या जवळजवळ आहेत म्हणून नाव वाचूनच हात लावा.

किमान आकार किती ठेवावा, आणि जास्त झाला हे कसं कळतं

माझं मत स्पष्ट आहे: १४ ते १६ च्या पुढे जाऊ नका. अजून मोठं हवं असेल तर ते काम झूमचं.

कारण असं की किमान आकार फक्त अक्षर फुगवतो, ते ज्या चौकटीत बसलंय ती चौकट तेवढीच राहते. बटणाची उंची साइटने पिक्सेलमध्ये ठरवलेली असेल तर आतली अक्षरं बाहेर सांडतात. मेनूतले शब्द एकमेकांवर चढतात. आणि मराठीत त्याआधीच एक खूण दिसते: दोन ओळींमधलं अंतर साइटने पिक्सेलमध्ये बांधलेलं असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो, किंवा बटणातल्या शब्दाचा उकार खालून कापला जातो. 'पुढे' चं 'पढे' झालं की समजा, किमान आकार त्या साइटला सोसत नाही.

दुसरी खूण अशी. शीर्षक सोडून पानावरचं सगळं एकाच आकाराचं दिसू लागतं. मुख्य मजकूर, तारीख, फोटोखालची ओळ, वर चढवलेले घातांकाचे छोटे आकडे, सगळं सारखं. काय महत्त्वाचं आणि काय नाही हे डोळ्याला कळेनासं होतं. एखाद्या लॅपटॉपवर "अक्षरं फार मोठी झालीत" अशी तक्रार आली, `Ctrl` आणि शून्य दाबून काहीच हललं नाही, आणि पान असं सपाट दिसत असेल, तर कुणीतरी किमान आकार २० किंवा २४ वर नेऊन ठेवलेला आहे. तो खाली आणा.

काकांनी सुरुवातीला १८ मागितले. बातम्यांच्या साइटवर वरच्या पट्टीतले 'मनोरंजन' आणि 'क्रीडा' एकमेकांत घुसले. १५ वर आणल्यावर पट्टी जागेवर आली.

दुसरी जागा: झूम, आणि त्याची आठवण

किमान आकार लागल्यावर सगळ्या साइटींसाठी एक मूळ झूम ठरवा. फायरफॉक्सच्या Settings मध्ये शोधायच्या चौकटीत `zoom` लिहा, Default zoom सापडेल. क्रोममध्ये Settings, Appearance, Page zoom. फायरफॉक्सच्या पायऱ्या १००, ११०, १२०, १३३, १५०, १७०, २०० अशा आहेत, क्रोमच्या १००, ११०, १२५, १५०, १७५, २०० अशा.

काकांसाठी आम्ही १२० ठेवलं. फायरफॉक्समध्ये किमान आकारही झूमबरोबर वाढतो, म्हणजे १५ चा मजकूर १२० टक्क्यांना १८ इतका दिसतो. त्यांनी मागितलेले १८ असे मिळाले, आणि या वाटेने चौकटीही सोबत वाढल्या म्हणून काही सांडलं नाही.

झूम वाढवला की साइटला मात्र पडदा अरुंद झाल्यासारखा वाटतो. काकांचा १३६६ पिक्सेलचा पडदा २०० टक्क्यांवर साइटच्या दृष्टीने ६८३ पिक्सेलचाच उरतो. अनेक साइटी तेवढ्या रुंदीला मोबाइलची मांडणी दाखवतात: बाजूचा रकाना खाली जातो, वरचा मेनू नाहीसा होऊन कोपऱ्यात तीन रेघा येतात. घाबरून साइट बिघडली असं समजू नका. त्या तीन रेघांत सगळा मेनू आहे, किंवा एक पायरी खाली उतरा म्हणजे तो परत येईल.

आता आठवणीचा भाग. एखाद्या साइटवर तुम्ही `Ctrl` आणि अधिक दाबता तेव्हा बदल त्या एका पानाला लागत नाही, त्या साइटच्या पत्त्याला लागतो. त्या पत्त्यावरची सगळी पानं, उद्या आणि महिन्यानेही, त्याच आकारात उघडतात. पत्ता म्हणजे दोन तिरक्या रेघांपासून पुढच्या तिरक्या रेघेपर्यंतचं नाव. `www` ने सुरू होणारं आणि `epaper` ने सुरू होणारं हे दोन वेगळे पत्ते आहेत, मालक एकच असला तरी. म्हणून एखाद्या वर्तमानपत्राची बातमी मोठी आणि त्याचाच ई-पेपर लहान दिसतो. दोन्हीकडे एकेकदा झूम लावा, पुन्हा लावावा लागणार नाही.

पान मूळ झूमवर नसेल तर फायरफॉक्स पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे टक्केवारी दाखवतो. त्या आकड्यावर क्लिक केलं की साइट मूळ झूमवर येते. ही टक्केवारी बघायची सवय काकांना लावली आणि निम्मे फोन थांबले.

मूळ झूम बदलण्याआधी मी सगळ्या साइटींवर `Ctrl` आणि शून्य दाबायला सांगितलं, त्याचं कारण या आठवणीतच आहे. मूळ झूम फक्त त्या साइटींना लागू होतो ज्यांची स्वतःची आठवण साठवलेली नाही. काकांची बातम्यांची साइट ६७ वर साठवलेली होती. ती तशीच ठेवून मूळ झूम १२० केला असता तर सारं जग मोठं झालं असतं आणि तीच एक साइट बारीक राहिली असती.

क्रोममध्ये साठवलेल्या सगळ्या साइटींची यादी एका जागी बघता येते:

```
chrome://settings/content/zoomLevels
```

प्रत्येक साइटसमोर तिची टक्केवारी आणि काढून टाकायची खूण असते. दुसऱ्याचा लॅपटॉप लावून देताना मी पहिल्यांदा ही यादी उघडतो. कुठली साइट कुणी कधी ओढूनताणून ठेवली आहे ते एका नजरेत कळतं.

फायरफॉक्सच्या Settings मध्ये अशी यादी दिसत नाही. तिथे एकतर साइटवर जाऊन `Ctrl` आणि शून्य, किंवा सगळंच पुसायचं असेल तर इतिहास पुसायच्या खिडकीत Site settings एवढ्यावरच खूण ठेवून पुसायचं. पण त्याने साइटींना दिलेल्या परवानग्याही जातात, म्हणजे कॅमेरा, माइक, ठिकाण हे सगळं पुन्हा विचारलं जाईल. चार-पाच साइटींसाठी एवढं करू नये.

उलट तक्रारही येते: "रोज मोठं करतो, रोज परत लहान होतं." याची कारणं साधारण दोन. एक, खाजगी खिडकीत वाचणं. तिथे लावलेला झूम खिडकी बंद होताच विसरला जातो, आणि फायरफॉक्सला इतिहास कधीच ठेवू नको असं सांगितलेलं असेल तर तो कायमच खाजगी खिडकीसारखा वागतो. दोन, ब्राउझर बंद होताना इतिहास पुसला जावा असं लावलेलं असणं आणि त्यात Site settings वरही खूण असणं. ती खूण काढली की आठवण टिकते. सायबर कॅफेत किंवा वाचनालयाच्या संगणकावर मात्र हे मुद्दाम लावलेलं असतं, तिथे ते बदलू नका.

फायरफॉक्समध्ये Default zoom च्या खालीच Zoom text only अशी चौकट आहे. तिच्यावर खूण केली की फोटो तेवढेच राहतात आणि फक्त अक्षरं वाढतात. ज्या पानावर झूम केल्यावर आडवं सरकावं लागतं तिथे ती कामाची आहे, पण खूण केली की ती सगळ्याच साइटींना लागते आणि पिक्सेलच्या चौकटींतून अक्षरं सांडण्याचा तोच त्रास सुरू होतो. मी ती रिकामीच ठेवतो.

तिसरी जागा: रीडर मोड

लांबलचक लेख वाचायचा असेल तर पानाशी झगडण्यात अर्थ नाही. रीडर मोड पानातला मुख्य लेख उचलतो, जाहिराती, बाजूचे रकाने, साइटने ठरवलेले आकार सगळं टाकून देतो, आणि मजकूर तुमच्या आकारात मांडतो.

फायरफॉक्समध्ये लेख उघडल्यावर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे ओळी असलेल्या कागदाचं चिन्ह येतं. ते दाबा, किंवा विंडोजवर `F9`. बाजूला अक्षराचं बटण येतं, त्यात अक्षराचा आकार, ओळीची लांबी आणि दोन ओळींमधलं अंतर बदलता येतं. मराठीसाठी आकाराइतकंच ओळींमधलं अंतर वाढवा, वेलांट्या-उकार मोकळे होतात. हा आकार एकदा लावला की रीडर मोडमध्ये उघडलेल्या प्रत्येक साइटला तोच लागतो.

क्रोममध्ये तीन टिंबांच्या मेनूत More tools, आणि त्यात Reading mode. तिथे मजकूर उजवीकडच्या पट्टीत उघडतो आणि मूळ पान डावीकडे तसंच राहतं. पट्टीची कड ओढून ती रुंद करता येते.

फायरफॉक्सचं चिन्ह प्रत्येक पानावर येत नाही. साइटच्या पहिल्या पानावर, जिथे नुसते मथळे असतात, ते येणार नाही, कारण उचलण्यासारखा लेखच नाही. अर्ज भरायच्या पानावरही नाही. आधी बातमीवर क्लिक करून ती पूर्ण उघडा. 'पुढे वाचा' असं बटण असेल तर ते दाबून मग रीडर मोड लावा, नाहीतर अर्धाच लेख मिळण्याची शक्यता असते.

आणि हे मनापासून सांगतो: आकडे असलेलं पान फक्त रीडर मोडमध्ये वाचून कामाला लागू नका. मजकूर कुठला मुख्य आणि कुठला किरकोळ हे तो अंदाजाने ठरवतो. तक्ते कधी नीट येतात, कधी रकाने विस्कटतात, कधी तळटीप गळते. फवारणीच्या सल्ल्यात प्रमाण बहुतेक तक्त्यात असतं आणि 'प्रति १० लिटर पाणी' ही ओळ कधी तक्त्याच्या मथळ्यात, कधी खाली टीप म्हणून असते. ती गळली तर उरलेला आकडा निरर्थक नव्हे, धोक्याचा होतो. काकांना मी असं लावून दिलं आहे: आधी रीडर मोडमध्ये सल्ला सावकाश वाचायचा, मग पुन्हा `F9` दाबून मूळ पानावर यायचं, तिथे तो तक्ता १५० टक्क्यांवर बघायचा आणि औषधाचं नाव, टक्केवारी, प्रमाण वहीत लिहून घ्यायचं.

जिथे यातलं काही चालत नाही

रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक काकांनी पीडीएफ म्हणून उतरवून घेतलं होतं. पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडली तरी तिला किमान आकार लागत नाही आणि फायरफॉक्सचा रीडर मोडही नाही. तिच्या वरच्या पट्टीत तिचा स्वतःचा झूम असतो. तिथे पानाच्या रुंदीइतका आकार निवडा, आणि तक्ता तरीही बारीक राहिला तर `Ctrl` आणि `F` दाबून स्टेशनाचं नाव शोधा. कणकवलीच्या ओळीवर थेट उडी मारता येते. शोधून काहीच सापडलं नाही आणि नाव तर डोळ्यांना दिसतंय, तर बहुधा ते पान म्हणजे कागदाचा काढलेला फोटो आहे. फोटोतली अक्षरं फायरफॉक्सच्या लेखी अक्षरं नसतातच. ती फक्त झूमने मोठी होतात, आणि फोटोच कमी प्रतीचा असेल तर मोठी होऊन धूसर होतात. व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या सल्ल्यांच्या फोटोंचं हेच होतं. तिथे एकच मार्ग: ज्याने पाठवलं त्याच्याकडून मूळ पानाचा दुवा किंवा मूळ फाइल मागून घ्यायची.

मोबाइलवर थोडक्यात

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये तीन टिंबं, Settings, मग Accessibility. तिथे सगळ्या साइटींसाठी झूमची सरकपट्टी आहे. आधी तीच लावा. काही साइटी चिमटीने मोठं करायलाच बंदी घालतात. त्यांच्यासाठी याच ठिकाणी Force enable zoom आहे, त्यावर खूण करून ठेवा, त्याचा तोटा काही नाही.

मोबाइलवर एकच साइट अचानक मुंगीएवढी झाली असेल तर सरकपट्टीला हात लावण्याआधी तीन टिंबांच्या मेनूत Desktop site वर खूण आहे का ते बघा. ती चुकून दाबली जाते, आणि मग साइट मोठ्या पडद्याची मांडणी त्या छोट्या पडद्यात कोंबते. खूण काढा, पान पुन्हा उघडेल. काकूंच्या फोनवर एवढंच झालेलं होतं.